शनिवारचा शेवटचा तास

गेल्या पालकसभेत एका पालकांनी मला विचारले, "बाई, शनिवारी सातवीच्या वर्गात नुसता खेळ चालतो म्हणे. परीक्षा जवळ आल्या आहेत, मग उजळणी कधी घेणार?" सभेला वेळ कमी होता, त्यामुळे मी तिथे दोनच वाक्यांत उत्तर दिले आणि त्यांचे समाधान झाले नाही. मुख्याध्यापक सरांनी मला वार्तापत्रात सविस्तर लिहायला सांगितले. म्हणून हा लेख. खेळ चालतो हे खरेच आहे. पण तो कसा चालतो आणि त्याचे नियम आजच्यासारखे का झाले, हे सांगायचे तर माझ्या हातून झालेली एक चूकही सांगावी लागेल.

शनिवारी आपली शाळा सकाळची. शेवटचा तास चाळीस मिनिटांचा, आणि तोवर मुलांचे अर्धे लक्ष घरी गेलेले असते. त्या तासाला धडा पुढे सरकत नाही, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव. म्हणून सुमारे बारा वर्षांपूर्वी मी त्या तासाला त्या आठवड्यात झालेल्या पाठांवर प्रश्नमंजूषा घ्यायला सुरुवात केली. वर्गात अठ्ठेचाळीस मुले होती. सहा-सहांचे आठ गट केले आणि प्रत्येक गटाला एक कप्तान दिला. नियम मी कुठून घेतले? दूरदर्शनवरच्या आणि गावातल्या गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजूषांमधून. बरोबर उत्तराला १० गुण, चुकीच्या उत्तराला उणे ५. 'पास' म्हटले तर शून्य. एका गटाला उत्तर आले नाही किंवा चुकले तर प्रश्न पुढच्या गटाकडे जाणार. त्या गटाचे उत्तर बरोबर आले तर ५ गुण, चुकले तर काही वजा नाही. बहुतेक प्रश्नांना चार पर्याय असत. २००० साली 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाल्यापासून चार पर्याय सांगितले की मुलांना आपोआप उत्साह येतो. 'लॉक करा बाई' हे वाक्य मी त्या वर्षी किती वेळा ऐकले असेल, गणती नाही.

तास रंगायचा. आवाज इतका व्हायचा की शेजारच्या वर्गातल्या बाईंनी दोनदा निरोप पाठवला. मला वाटले, छान चालले आहे.

दोन महिन्यांनी एका मुलाची आई शाळेत आली. मुलगा जवळच्या खेड्यातून बसने यायचा. अभ्यासात बेताचा, पण नियमित. आई म्हणाली, "बाई, शनवार आला की ह्याच्या पोटात दुखायलंय. डॉक्टरला दाखवलं, काई न्हाई म्हंटला. शाळेत काय हुतंय काय शनवारी?" मी हजेरीपट काढून पाहिला. मागच्या सात शनिवारांपैकी पाच शनिवार तो गैरहजर होता. बाकीच्या वारी एकही दांडी नाही.

मी त्याला काही विचारले नाही. विचारले असते तर तो 'काही नाही बाई' एवढेच म्हणाला असता. पुढच्या शनिवारी आईने त्याला हाताला धरून आणून सोडले तेव्हा मी त्याच्या गटाजवळच उभी राहिले. प्रश्न आला. तो काहीतरी सांगायला कप्तानाकडे वाकला आणि कप्तान हळू आवाजात म्हणाला, "तू गप बस रे, तुझ्यामुळं गुण जातात."

मला कप्तानाचा राग आला. तास सुटल्यावर त्याला थांबवून चांगले बोलायचे असे मी मनात ठरवलेही. पण गुणफलक पुसता पुसता मी हिशेब करून पाहिला आणि माझी बोलतीच बंद झाली. कप्तानाचे गणित बरोबर होते. समजा चार पर्यायांच्या प्रश्नावर एखाद्या मुलाने चार वेळा अंदाजाने उत्तर दिले आणि एकदा बरोबर आले, तर एकदाचे १० मिळतात आणि तीनदाचे १५ जातात. म्हणजे गटाचे ५ गुणांचे नुकसान. तीनात एकदा बरोबर येत असेल तर १० आले आणि १० गेले, बरोबरी. ज्याचे उत्तर तीनात एकदापेक्षाही कमी वेळा बरोबर येते त्याने तोंड न उघडणे हेच गटाच्या फायद्याचे. हा नियम कप्तानाने केला नव्हता, मी केला होता. ज्या मुलाला उजळणीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच उजळणीच्या तासाला गप्प बसवणारा खेळ मी बसवला होता.

एकदा हिशेबाला लागल्यावर दुसरी गोष्टही दिसली. समजा पहिल्या गटाने चुकीचे उत्तर दिले. दुसऱ्या गटापुढे तीनच पर्याय उरले. तोही चुकला तर तिसऱ्यापुढे दोन. तोही चुकला तर चौथ्या गटाला डोळे मिटून ५ गुण! आणि पुढे गेलेल्या प्रश्नावर चुकल्यास वजा काही नाही, त्यामुळे प्रत्येकजण खुशाल ठोकून देणार. याचा अर्थ असा की एखाद्या कच्च्या गटाच्या पुढे बसणाऱ्या गटाला वर्षभर आयते गुण मिळत राहतात. चौथ्या गटाची मुले आठ आठवडे सांगत होती, "बाई, पाचव्या गटाची जागा चांगली आहे." मी त्यांना 'जागेने काय होतंय, अभ्यास करा' असे उत्तर दिले होते. मुलांना माझ्याआधी समजले होते. प्रश्नमंजूषेच्या जाणकारांना हा दोष फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपल्याकडच्या मोठ्या स्पर्धांमध्ये ज्याने शेवटचा प्रश्न सोडवला त्याच्या पुढच्या गटापासून नवा प्रश्न सुरू करतात, म्हणजे जागेचा फायदा बराच कमी होतो. पण तिथे जिंकणारा कोण हे ठरवायचे असते. मला ते ठरवायचेच नव्हते.

मग दिवाळीच्या सुट्टीत मी सगळे नियम मोडून नव्याने केले. ते सर्व एकाच वेळी सुचले नाहीत, काही पुढच्या दोन-तीन वर्षांत मुलांनी माझ्याकडून करून घेतले. आज खेळ असा आहे.

पहिली फेरी पाटीची. खडेबाजारातून पन्नास पाट्या आणल्या, त्या वर्गाच्या कपाटात असतात. सहा प्रश्न. प्रत्येकाने आपापल्या पाटीवर लिहायचे, बोलायचे नाही, पाटी छातीशी धरायची, आणि मी 'वर' म्हटले की सर्वांनी एकदम वर करायची. या फेरीत गटाला गुण नाहीत. मी फक्त बरोबर पाट्या मोजते आणि फळ्याच्या कोपऱ्यात वर्गाचा आकडा लिहिते. अठ्ठेचाळीस मुले आणि सहा प्रश्न म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी. मागच्या शनिवारी १९०, या शनिवारी २०४, असे. स्पर्धा वर्गाची स्वतःशी. एकट्या मुलाची चूक दोनशे अठ्ठ्याऐंशीत कुठे दिसत नाही, पण मला मात्र पाटीवर दिसते. या फेरीचा खरा उपयोग माझ्यासाठी आहे. अठ्ठेचाळीस पाट्या समोर एकदम उभ्या राहिल्या की धडा कुठे पोहोचला आणि कुठे नाही हे दोन सेकंदांत कळते. हात वर करायला सांगितले तर तेच दहा हात वर येतात आणि आपल्याला वाटते, वर्गाला आले.

मुले नक्कल करतात का? करतात. पण दुसऱ्याचे पाहून लिहिलेली पाटी जराशी उशिरा वर येते. चार-पाच शनिवारांनी ती लाट ओळखू येऊ लागते. मी त्यावर कोणाला रागावत नाही. 'कोरी पाटी वर केली तरी चालेल' असे सांगते. कोरी पाटी मला नकलेपेक्षा जास्त सांगते.

दुसरी फेरी फाशाची. हीच खेळाचा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. प्रत्येक गटात मुलांना १ ते ६ क्रमांक दिलेले असतात. मी प्रश्न फळ्यावर लिहिते. गटाला दीड मिनिट चर्चेला मिळते. त्यानंतर मी सापशिडीचा फासा टाकते. चार पडला तर आठही गटांतला चौथ्या क्रमांकाचा मुलगा किंवा मुलगी उभी राहते, आणि आठही जणांनी एकाच वेळी पाटीवर उत्तर लिहून दाखवायचे. त्या क्रमांकाचे मूल गैरहजर असेल तर पुढच्या क्रमांकाचे. बरोबर उत्तराला २ गुण, चुकल्यास शून्य, वजा काही नाही. प्रश्न दुसऱ्या गटाकडे जाण्याचा प्रकारच नाही, त्यामुळे जागेचे भांडण संपले. मग डब्यातून गटाच्या क्रमांकाची एक चिठ्ठी काढायची. त्या गटातल्या उभ्या असलेल्या मुलाने कारण सांगायचे. कारणाला ३ गुण. नाही आले तर दुसरी चिठ्ठी. निघालेली चिठ्ठी आठही गटांची पाळी होईपर्यंत परत डब्यात जात नाही.

उत्तराला २ आणि कारणाला ३, हे मुद्दाम केले आहे. फासा कोणावर पडेल हे दीड मिनिट संपेपर्यंत कोणालाच माहीत नसते. त्यामुळे गटातल्या हुशार मुलाला स्वतःला उत्तर येऊन उपयोग नाही, सहाही जणांना यायला हवे, आणि तेही कारणासकट. पूर्वी जो कप्तान 'गप बस' म्हणत होता, त्यालाच आता त्या मुलाला समजावून सांगणे भाग पडले. त्याचा स्वभाव बदलला असे मी म्हणत नाही. गुण मिळण्याची वाट बदलली.

तिसरी फेरी चूक शोधण्याची. मी एक सोडवलेले उदाहरण किंवा सात-आठ ओळींचे उत्तर फळ्यावर लिहिते. त्यात एक चूक असते, क्वचित नसतेही. चुकीची ओळ सांगितली तर २ आणि दुरुस्त केली तर ३ गुण. या फेरीत एक धोका आहे. पहिल्या वर्षी एका मुलीने फळ्यावरचे चुकीचे उत्तर जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले आणि चाचणीत तेच लिहिले. तेव्हापासून लाल खडूने चुकीच्या ओळीवर काट मारल्याशिवाय आणि शेजारी बरोबर ओळ लिहिल्याशिवाय फळा पुसायचा नाही, असा नियम आहे.

आता प्रश्न कसे काढते ते. सुरुवातीला मी शुक्रवारी रात्री पाठ्यपुस्तक समोर घेऊन ओळींचे प्रश्न करत असे. विजयनगर साम्राज्याची स्थापना कधी झाली? १३३६. कृष्णदेवराय गादीवर कधी आला? १५०९. असे प्रश्न वाईट नाहीत, पण एक पाठांतराची मुलगी सगळी फेरी खाऊन टाकते. आता तोच धडा असेल तर विचारते, 'तालिकोटच्या लढाईत कृष्णदेवरायाने सैन्याचे नेतृत्व केले, हे वाक्य बरोबर की चूक? कारण सांगा.' लढाई १५६५ ची आणि कृष्णदेवराय १५२९ मध्ये वारला. सैन्य रामरायाचे होते. दोन्ही साले ठाऊक असूनही अर्धा वर्ग 'बरोबर' लिहितो, कारण विजयनगर म्हटले की मुलांना कृष्णदेवरायच आठवतो. दोन साले शेजारी ठेवून पाहायची सवय नसते.

असे प्रश्न मला पुस्तकातून सुचत नाहीत, वह्यांतून सुचतात. आठवडाभर वह्या तपासताना जी चूक तीन-चार वह्यांत दिसेल ती मी एका छोट्या वहीत टिपून ठेवते, मुलाचे नाव न लिहिता. शुक्रवारी त्याच चुकांचे पर्याय होतात. चुकीचा पर्याय उगाच कोणताही आकडा टाकून केला तर तो कोणी निवडत नाही, आणि निवडला तरी त्यातून काही कळत नाही. आणखी एक पथ्य पाळते. पाटीच्या फेरीतल्या सहा प्रश्नांपैकी चार या आठवड्याचे, एक मागच्या आठवड्याचा आणि एक महिन्यापूर्वीचा. या जुन्या प्रश्नाला मुले नाक मुरडतात. शनिवारी दिलेले बरोबर उत्तर महिन्याने टिकले आहे का, हे त्या एका प्रश्नातूनच दिसते.

आता त्या मुलाकडे वळते. नव्या नियमांचा तिसरा-चौथा शनिवार असेल. गणितात पूर्णांकांची वजाबाकी झाली होती. प्रश्न होता, उणे तीनमधून उणे पाच वजा करा. पर्याय चार: उणे ८, उणे २, २ आणि ८. चारही वह्यांतून आलेले. उणे ८ लिहिणाऱ्याला 'वजा' दिसले की आणखी खाली जायचे एवढेच माहीत असते. ८ लिहिणाऱ्याने 'उणे उणे अधिक' हे पाठ केलेले असते आणि तो समोर दिसेल त्या सगळ्या उणे चिन्हांना ते लावून मोकळा होतो. उणे २ वाल्याला आकडा जमतो, चिन्ह चुकते. बरोबर उत्तर २.

गट चर्चेला बसले. मी त्याच्या गटामागे उभी होते. कप्तान त्याला सांगत होता, "हे बघ, उणे म्हणजे उधारी. तुझी तीन रुपये उधारी आहे. दुकानदारानं पाच रुपयांची उधारी खोडून टाकली. मग तुझ्याकडं दोन रुपये आले. कळलं?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "उधारी तीनच हाय, मग पाच कशी खोडणार?"

कप्तान म्हणाला, "तू दोन लिही. वेळ संपली."

फासा टाकला, पडला चार. तो चौथ्या क्रमांकाचाच होता. त्याने पाटीवर २ लिहिले, गटाला २ गुण मिळाले. मग चिठ्ठी काढली तर निघाला त्याचाच गट. तो उभाच होता. मी म्हटले, "कारण सांग." तो म्हणाला, "बाई, उत्तर दोन हाय. पण उधारी तीनच असताना पाच कशी खोडायची, ते कळंना झालंय."

वर्ग हसला. मी दुसरी चिठ्ठी काढली. ती मुलगी म्हणाली, "उणे उणे अधिक." मी म्हटले, हा नियम झाला, कारण नव्हे. तिसऱ्या गटातला मुलगा म्हणाला, "पुस्तकात तसं दिलंय." चौथी चिठ्ठी काढेपर्यंत वर्गातले हसू थांबले होते. कोणालाच सांगता येत नव्हते. आणि खरे सांगायचे तर त्याच्या प्रश्नाचे त्याला पटेल असे उत्तर त्या क्षणी मलाही सुचले नाही. मी इतकी वर्षे उधारीचा दाखला देत आले होते, आणि ही अडचण कोणी विचारली नव्हती. घंटा झाली.

सोमवारी मी घरून एक मूठ चिंचोके आणि एक मूठ मक्याचे दाणे घेऊन गेले. चिंचोका म्हणजे उणे एक, मक्याचा दाणा म्हणजे अधिक एक. एक चिंचोका आणि एक दाणा शेजारी आले तर त्यांची किंमत शून्य. त्यालाच टेबलाजवळ बोलावले आणि उणे तीन मांडायला सांगितले. त्याने तीन चिंचोके मांडले. "आता यातून पाच चिंचोके उचल." तो म्हणाला, "तीनच हाईत." वर्ग पाहत होता. मी विचारले, "किंमत न बदलता आणखी चिंचोके टेबलावर आणता येतील का?" थोडा वेळ गेला. त्याने एक चिंचोका आणि एक दाणा जोडीने ठेवला, माझ्याकडे पाहिले, मग आणखी एक जोडी ठेवली. आता टेबलावर पाच चिंचोके आणि दोन दाणे होते, आणि किंमत अजून उणे तीनच. त्याने पाचही चिंचोके उचलले. दोन दाणे राहिले.

कप्तान मागच्या बाकावरून म्हणाला, "म्हणजे पाच उधारी आणि खिशात दोन रुपये, हे पण तीन उधारीच की!" त्याच्या उधारीच्या दाखल्यात जे राहून गेले होते ते हेच.

त्या दिवशी खेळात एका नियमाची भर पडली. चर्चेत कोणाला असा प्रश्न पडला की ज्याचे उत्तर वर्गातल्या कोणत्याही गटाला देता आले नाही, तर विचारणाऱ्याच्या गटाला ३ गुण, कारणाइतकेच. हा नियम जपून वापरावा लागतो. सुरुवातीला मुले 'आकाशात तारे किती' असले प्रश्न विचारून गुण मागू लागली, म्हणून प्रश्न फळ्यावरच्या उदाहरणाबद्दलच हवा, असे ठरले. वर्षभरात असे ३ गुण पाच-सहा वेळाच दिले असतील.

त्याची शनिवारची पोटदुखी हळूहळू थांबली. एकदम नाही, मध्ये दोन शनिवार पुन्हा दांडी झाली. तो काही पहिल्या पाचांत आला नाही.

तक्रारीही झाल्या, त्या सांगायला हव्यात. वर्गातल्या एका फार हुशार मुलीच्या वडिलांनी मला येऊन सांगितले, "तिला सगळी उत्तरं येतात आणि फासा तिच्यावर पडतच नाही. तिनं काय करायचं?" तक्रार खोटी नव्हती. दुसऱ्या फेरीत चार प्रश्न होतात, आणि सहातला एक क्रमांक एखाद्या शनिवारी पडलाच नाही हे दर दुसऱ्या शनिवारी घडते. मी त्या मुलीला तिसऱ्या फेरीसाठी चुकीचे उदाहरण तयार करायला सांगितले. अट एकच, चूक अशी हवी की वर्गातल्या निम्म्या गटांना सापडू नये. ती दोन दिवस झटली. पहिले उदाहरण सर्वांना सापडले, दुसरे कोणालाच सापडले नाही कारण त्यात दोन चुका होत्या आणि एक तिला स्वतःलाही ठाऊक नव्हती. तिसरे मात्र बेमालूम होते. तेव्हापासून हे काम दर महिन्याला वेगळ्या मुलाकडे जाते. तरीही फास्यावर चडफडणारी मुले असतात. त्यावर माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

ज्या पालकांनी सभेत विचारले त्यांच्यासाठी आणखी एक. या खेळात निबंध येत नाही, नकाशा काढणे येत नाही, दहा ओळींचे उत्तर मुद्देसूद लिहिणे येत नाही. परीक्षेला ते लागते आणि त्याचा सराव आठवड्यातल्या दुसऱ्या तासांना वहीतच करावा लागतो, तो आम्ही करून घेतो. चाळीस मिनिटांत पाटीचे सहा, फाशाचे चार आणि चुकीचे एक, एवढेच प्रश्न होतात. एखादा पाठ पूर्ण कधीच होत नाही. ज्यांना वाटते की शनिवारी सगळ्या आठवड्याची उजळणी होते, त्यांचा तो समज मला दूर केलाच पाहिजे. गट दर महिन्याला बदलतात आणि गुण त्याबरोबर पुसले जातात. वर्षाच्या शेवटी पहिला गट कोणता हे मलाही सांगता येत नाही. बक्षीस ठेवावे असे संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी आपुलकीने सुचवले होते. ते नको, असे मी विनंतीपूर्वक सांगितले. कप्तानाच्या त्या कुजबुजीची आठवण मला अजून आहे.

त्या चिंचोक्यांच्या सोमवारनंतर पाच आठवड्यांनी पाटीच्या फेरीत महिन्यापूर्वीचा प्रश्न म्हणून मी विचारले, उणे दोनमधून उणे सहा वजा करा. या वेळी पर्याय दिले नव्हते. तीस सेकंद झाल्यावर 'वर' म्हटले. एक्केचाळीस पाट्यांवर ४ होते. पाचांवर उणे ८, आणि एकावर उणे ४. त्याची पाटी सर्वांत शेवटी वर आली. तिच्यावर आकडा नव्हता. कोपऱ्यात सहा काळे ठिपके आणि चार पोकळ गोल काढलेले होते, आणि सहापैकी तीन ठिपक्यांवर काट मारून झाली होती. पुढच्या शनिवारपासून पाटीच्या फेरीची वेळ मी तीसऐवजी पंचेचाळीस सेकंद केली.